तार एकच, पण तुणतुणं टणकारतं आणि एकतारी घुमते ती कशामुळे?

प्रश्न: आजोबा जागरणात तुणतुणं वाजवायचे. त्यांचं तुणतुणं नाशिकच्या सिडकोतल्या घराच्या माळ्यावर सापडलं. तार नव्हती, म्हणून गिटारची तिसरी, वेढ्यांची तार लावली. आवाज नुसता 'थप' येतो, सूर लागत नाही आणि कातडं मधोमध ओढलं जाऊन कडेला सुटायला लागलंय. मामांच्या एकतारीलाही एकच तार आहे, पण ती छान घुमते. हा फरक कशाने पडतो? आणि ही वाद्यं नक्की कोण वाजवतं?

उत्तर:

आधी उठून खुंटी सैल करा, मग पुढे वाचा. कडेला सुटायला लागलेलं कातडं अजून वाचू शकतं. मधोमध फाटलं तर नवीनच मढवावं लागेल.

आमचं घर गोंधळ्यांचं. वडील संबळ वाजवायचे, चुलते तुणतुणं घेऊन मागे झील धरायचे. मी स्वतः वीसेक वर्षं तुणतुणं घेऊन उभा राहिलो आणि आता पंचवटीत कातडी वाद्यं दुरुस्त करतो. माझ्याकडे तुणतुणी येतात त्यांतल्या निम्म्यांची तक्रार तुमच्यासारखीच असते. तार बदललेली असते आणि बदलणाऱ्याने तुणतुण्याला एकतारीचाच भाऊ समजलेलं असतं. ते तसं नाही. तारा मोजून काही कळत नाही. तार कातड्याला कशी भेटते ते बघायचं, म्हणजे वाद्य कसं बोलणार आणि कोणाच्या हातात शोभणार हे आपोआप कळतं.

मामांची एकतारी डोळ्यांसमोर आणा. खाली भोपळा, त्यातून आरपार गेलेली दांडी, भोपळ्याच्या कापलेल्या तोंडावर कातडं किंवा पातळ लाकडी पाटी आणि तिच्यावर उभी केलेली छोटी घोडी. तार खालच्या टोकाला अडकवून घोडीवरून खुंटीपर्यंत नेलेली असते. म्हणजे तार कातड्याच्या वरून, त्याला समांतर जाते. बोटाने छेडली की ती हलते आणि घोडीला दाबते, सोडते, दाबते, सोडते. तार जितक्या वेळा हलेल तितक्याच वेळा कातडं हलतं. हळू छेडली तर कातडं हळू हलतं, जोरात छेडली तर जोरात. घोडी तारेतली ताकद थोडी थोडी करूनच कातड्यात जाऊ देते, म्हणून सूर बराच वेळ टिकतो. तुम्ही घुमणं म्हणता ते हेच.

तुणतुण्यात घोडीच नाही. लाकडाचं पोकळ नळकांडं असतं. त्याचं वरचं तोंड उघडं आणि खालचं कातड्याने मढवलेलं. नळकांड्याच्या बाहेरच्या अंगाला दांडी ठोकलेली आणि तिच्या टोकाला खुंटी. तार कातड्याच्या मध्यातून निघते, नळकांड्याच्या पोकळीतून वर येते आणि खुंटीला गुंडाळली जाते. म्हणजे ती कातड्यावर सरळ उभी आहे. छेडल्यावर ती डावी-उजवीकडे हलणार, कातड्याला मात्र वर-खाली हलायचंय. मग तारेचं हलणं कातड्यापर्यंत पोचतं कसं?

अंगणात दोन खांबांना कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली असते, ती आठवा. दोरी मधोमध धरून डावीकडे ओढली की दोन्ही खांब आत ओढले जातात. सोडली, ती मधून जाऊन उजवीकडे गेली, की खांब पुन्हा आतच ओढले जातात. दोरीचा एक पूर्ण झोका होतो तेवढ्यात खांबाला दोन ओढ बसतात. तुणतुण्यातलं कातडं म्हणजे हा खांब. तार एकदा डावी-उजवी करते तोवर कातडं दोनदा ओढलं जातं. म्हणून कातड्यातून बाहेर पडणारा जोरकस सूर तारेच्या सुराच्या दुप्पट कंपनाचा, म्हणजे एक सप्तक वरचा असतो.

हे घरी तपासता येतं. तार काळी चारला, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला लावून फोनवरचा कुठलाही ट्यूनर समोर धरा. माझ्या तुणतुण्यावर तो कधी G#3 दाखवतो, कधी G#4 वर उडी मारतो. ट्यूनर बिघडलेला नसतो. तार अगदी काटकोनात कधीच बसत नाही, जराशी तिरपी असतेच, त्यामुळे मूळचा सूरही थोडा झिरपतो आणि बिचाऱ्या फोनला दोन्ही ऐकू येतात. सी. व्ही. रामन यांनासुद्धा या एका तारेत रस वाटला होता. १९०९ मध्ये, अगदी तरुण वयात, त्यांनी एकतारीवर एक टिपण छापलं होतं.

दुप्पट ओढीचा दुसरा परिणाम वाजवणाऱ्यालाच कळतो. तार मधल्या जागेपासून थोडीशीच हटली तर तिची लांबी जवळजवळ वाढतच नाही आणि ओढही जवळजवळ बदलत नाही. जास्त हटली की ओढ एकदम वाढते. हिशोब असा की छेड निम्म्या जोराने दिली तर कातड्याला ओढ निम्मी नाही, चौथ्या हिश्शाची मिळते. म्हणून तुणतुण्याला कुजबुजता येत नाही. एकतारी तुम्ही झोपलेल्या बाळाशेजारी वाजवू शकता. तुणतुणं तसं वाजवायला गेलात तर ते मुकंच राहतं, आणि बोलायला लागलं की ठणकावूनच बोलतं. जोरात छेडल्यावर पहिल्या क्षणी तार जास्त ताणलेली असते, म्हणून सूर किंचित चढा सुरू होऊन खाली येतो आणि लगेच विरतो. 'तुण' हा शब्दच त्या आवाजाचा आहे: सुरुवातीला टोक, मागे शेपूट नाही.

आता वाजवतं कोण ते बघू. देवीचा गोंधळ उघड्या अंगणात, मांडवात, शंभर माणसांपुढे होतो. शेजारी संबळ कडाडत असतो, झांज असते, दिवटी धरलेली असते. तिथे घुमणारं वाद्य बुडून जातं. तुणतुण्याचा वरच्या सप्तकातला टोकदार आवाज संबळाच्या वरून निघून जातो. तो लगेच विरतो, म्हणून पुढचा ठोका मोकळा मिळतो. एकच माणूस नायकाला सूरही देतो आणि लयही धरतो. गोंधळी रेणुराई असोत की कदमराई, माहूरच्या रेणुकेचे की तुळजापूरच्या भवानीचे, साथीला तुणतुणं असतंच. आमच्या भागात गोंधळाला यायचं बोलावणं वणीच्या सप्तशृंगीला हमखास जातं. खंडोबाच्या जागरणात वाघ्या-मुरळीबरोबर दिमडी, घोळ आणि तुणतुणं असतं. तुमचे आजोबा याच परंपरेतले दिसतात. शाहिराच्या पोवाड्याला डफाशेजारी तुणतुणं लागतं, आणि तमाशाच्या फडात ढोलकी-हलगीच्या मागे उभा राहून 'जी जी' ओढणारा सुरत्या तेच धरून असतो. सगळीकडे काम तेच: गर्दीत, मोकळ्यावर, चामड्याच्या मोठ्या आवाजाशेजारी सूर हरवू न देणं. 'आपलंच तुणतुणं वाजवत बसणं' असं लोक म्हणतात त्यात थोडा अन्याय आहे. तो एकच सूर सोडला तर वरच्या पट्टीत तासन्‌तास गाणारा गोंधळी पहाटेपर्यंत कुठे जाऊन पोचेल, ते मी पाहिलंय.

एकतारीचा माणूस एकटा असतो. भजनी, बैरागी, नाथपंथी, निर्गुणी पदं गाणारा. बऱ्याचदा एका हातात एकतारी आणि दुसऱ्या हातात चिपळ्या. त्याला आवाज लांब फेकायचा नसतो. आपल्याच गळ्याखाली सुराची सतरंजी अंथरलेली हवी असते. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला गेलात तर दिंड्यांमध्ये वीणा दिसतील. त्या बघून लोक सर्रास एकतारी म्हणतात. वारकऱ्यांची वीणा वेगळी. तिला बहुधा चार तारा असतात आणि सप्ताहात ती खाली ठेवत नाहीत, एका हातातून दुसऱ्या हातात जाते. एकतारी तिथेच, पण बाजूला, झाडाखाली बसलेल्या एखाद्याच्या मांडीवर सापडेल.

तिसरी जात चौंडक्याची. तुणतुणं दुरुस्त करताना ते मदतीला येतं, म्हणून सांगतो. चौंडकं म्हणजे दांडी काढून टाकलेलं तुणतुणं समजा. नळकांडं काखेत दाबायचं आणि कातड्यातून आलेल्या तारेचं मोकळं टोक लहान मुठीला बांधून डाव्या हातात धरायचं. खुंटीचं काम हातच करतो. हात ओढला की सूर चढतो, ढिला सोडला की उतरतो, म्हणून चौंडकं 'डुंव डुंव' असं हुंकारतं. एक सप्तक वर जायचं तर ओढ चौपट करावी लागते, एक किलोची चार किलो, त्यामुळे रात्रभर वाजवणाऱ्याचं मनगट बघण्यासारखं असतं. हे यल्लमाच्या जोगत्या-जोगतिणींचं वाद्य. त्याचा खरा मुलूख कोल्हापूर-सांगलीकडचा आणि पुढे सौंदत्तीपर्यंतचा. नाशकात ते क्वचितच ऐकू येतं. त्यातून आपल्या कामाचं एवढंच घ्यायचं की उभ्या तारेच्या वाद्यात सूर म्हणजे थेट कातड्यावरची ओढ. ही ओढ किती, तेच तुमच्या तारेने बिघडवलं.

आकडे घेऊन बघू. माझ्यासमोरच्या तुणतुण्यात कातड्यापासून खुंटीपर्यंत तार ६० सेंटिमीटर आहे. तुमचंही दोन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे असेल. त्यावर सतारीच्या बाजाची साधी पोलादी तार, जाडी ०.३० मिलिमीटर, काळी चारला लावली की कातड्याच्या मध्यावर साडेतीन किलोची ओढ येते. बोकडाचं मध्यम जाडीचं, नीट मढवलेलं कातडं चार-पाच किलोपर्यंत निभावतं असा माझा अनुभव आहे. गिटारची वेढ्यांची तिसरी तार त्याच लांबीला ०.३० च्या तारेपेक्षा साधारण साडेतीन पट जड असते. जड तार त्याच सुराला आणायची तर ओढही तितकीच पट वाढवावी लागते, म्हणजे बारा किलोच्या आसपास. तुम्ही सुरापर्यंत पोचायला खुंटी पिळत राहिलात आणि कातडं वर उचललं जाऊन कडेला सुटायला लागलं. बरं, साडेतीन किलोवरच थांबला असता तर ती तार जवळजवळ सप्तकभर खाली बोलली असती, आणि तीही नीट नाही. जाड तार बोटाने फारशी हटत नाही, आणि न हटणाऱ्या तारेची ओढ कातड्यापर्यंत पोचत नाही, हे वर आलंच. 'थप' येतो तो म्हणूनच.

तेव्हा ती तार काढा आणि ०.३० ची आणा. तुमचा सा काळी चार नसेल, खाली काळी एकला गात असाल, तर त्याच तारेवर ओढ दीड किलोच्या थोडी वर येईल आणि तुणतुणं मरगळलेलं वाटेल. तेव्हा ०.४० घ्या, पावणेतीन किलोच्या आसपास ओढ मिळते आणि आवाजाला अंग येतं. गोंधळी वरच्या पट्टीला गातात म्हणून त्यांच्या तारा बारीक असतात. त्यांची तार घ्यायची तर त्यांची पट्टीही घ्यावी लागते.

तार बदलताना कातड्याच्या खालच्या बाजूला काय आहे ते बघा. तार कातडं कापून निसटू नये म्हणून मध्ये एक चकती लावलेली असते. जुन्या तुणतुण्यांत मला १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा अनेकदा सापडलाय. भोक आयतंच मधोमध, म्हणून तो सोयीचा. आजोबांच्या तुणतुण्यात असेल तर काढू नका, तो बरोबर मापाचा आहे, साधारण दोन सेंटिमीटर. नसेल तर जाड चामड्याची तेवढीच चकती कापा. फार लहान चकतीने कातडं कापलं जातं. मोठी किंवा जड लावली की कातड्याच्या मध्यावर दगड ठेवल्यासारखं होतं आणि टणकारा जातो. एकाने पाच रुपयांचं जुनं जाड नाणं भोक पाडून लावलं होतं. तुणतुणं सुरात होतं, पण आवाज बादलीवर टिचकी मारल्यासारखा.

कातडं कडेला किती सुटलंय त्यावर पुढचं ठरतं. दोन-तीन बोटांएवढं सुटलं असेल तर तेवढाच भाग ओल्या फडक्याने मऊ करून, ओढून, पुन्हा चिकटवून बाहेरून सुती दोऱ्याने आवळा. पाव घेर किंवा जास्त सुटला असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, नवीन मढवा. बोकडाचं कातडं रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं, ओलं असतानाच तोंडावर सगळीकडून सारखं ओढायचं, चिकटवायचं, आवळायचं आणि दोन दिवस सावलीत वाळू द्यायचं. उन्हात ठेवायचा मोह होतो. ठेवू नका, उन्हाकडची बाजू आधी आखडते, कातडं एका अंगाने घट्ट आणि दुसऱ्या अंगाने ढिलं राहतं, आणि मग कुठलीही तार लावा, सुराला फाटे फुटतात. (माळ्यावर दिमडीही सापडली असेल तर ती माझ्याकडे किंवा कोणाकडेच 'तशीच मढवून द्या' म्हणून आणू नका. जुन्या दिमडीला घोरपडीचं कातडं असायचं; १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपड संरक्षित आहे. बोकडाच्या कातड्यावर दिमडी चालते.)

तार चढवताना ती नळकांड्याच्या मधून जाते की कडेला टेकते ते वरून डोकावून बघा. जुन्या तुणतुण्यांची दांडी वर्षानुवर्षांच्या ओढीने आत झुकलेली असते किंवा ठोकलेली जागा हललेली असते. मग तार उघड्या तोंडाच्या काठाला घासते आणि प्रत्येक छेडीला माशी अडकल्यासारखी भुणभुण येते. ही भुणभुण ऐकून लोक कातड्याला दोष देतात. ओळखायची खूण सोपी: तार छेडता छेडता दांडी किंचित बाहेर ओढा. भुणभुण थांबली तर कातडं निर्दोष, दांडीची बैठक घट्ट करा.

राहिला पावसाळा. ०.३० ची तार काळी चारला पोचते तेव्हा ती स्वतः जेमतेम दीड मिलिमीटर लांबलेली असते. खुंटीने ओढलेलं बाकीचं सगळं कातड्याने आणि दांडीने झुकून घेतलेलं असतं. म्हणून कातडं दमट हवेत जरा ढिलं पडलं की थेट तारेची ओढ कमी होते. श्रावणातल्या नाशिकमध्ये दुपारी लावलेलं तुणतुणं संध्याकाळी गोदाकाठी नेलं तर बऱ्यापैकी उतरलेलं मिळेल, आणि मामांची एकतारी जवळजवळ जागेवर असेल, तिची तार दांडीच्या दोन टोकांना बांधलेली आहे म्हणून. तुणतुणं उतरलं की लोक खुंटी पिळतात. तसं करू नका. आधी कातडं दिवटीच्या किंवा शेगडीच्या उबेला, हाताला सोसेल एवढ्या अंतरावर धरा. कातडं आखडलं की निम्मा सूर तिथेच परत येतो. उरलेला खुंटीने घ्या. नाहीतर ओल्या कातड्यावर पिळलेली खुंटी सकाळी दव ओसरून हवा कोरडी झाल्यावर ओढ वाढवत बसते आणि कातडं फाटलेलं सापडतं. माझं पहिलं तुणतुणं असंच गेलं, वणीच्या नवरात्रात, तिसऱ्या माळेला. कार्यक्रम संपल्यावर खुंटी दोन फेरे सैल करून ठेवायची सवय मला तेव्हा लागली.